रिचार्जमध्ये नेटफ्लिक्स मिळालंय पण चालू होत नाही? आधी नंबर आणि अकाउंट जोडलंय का बघा

रिचार्ज झाला, पैसे कट झाले, नेट पण चालू झालं आणि नेटफ्लिक्स उघडलं तर ते म्हणतंय प्लॅन निवडा, पैसे भरा. इथे घाबरून परत पैसे भरू नका प्लीज, कारण बहुतेक वेळा रिचार्जमध्ये काही बिघडलेलं नसतं, फक्त तुमचा मोबाईल नंबर आणि नेटफ्लिक्सचं अकाउंट यांची ओळखच झालेली नसते.

जिओचं उदाहरण घेऊ. जुलै 2024 च्या भाववाढीनंतर त्यांचा 84 दिवसांचा 1,299 चा प्रीपेड प्लॅन नेटफ्लिक्स मोबाईलसकट आला आणि 1,799 चा नेटफ्लिक्स बेसिकसकट (आताचा दर ॲपमध्ये बघून घ्या). रिचार्ज केला की जिओकडे तुमच्या नंबरपुढे एवढंच नोंदलं जातं की याला नेटफ्लिक्स द्यायचंय. पण नेटफ्लिक्सचं अकाउंट साधारण ईमेलवर असतं, त्याला तुमचा जिओ नंबर कुठून कळणार? जिओहॉटस्टारला हा त्रास कमी होतो, तिथे रिचार्ज केलेल्याच नंबरने ओटीपी टाकून लॉगिन केलं की झालं. नेटफ्लिक्सला मात्र जोडणी आपल्यालाच करावी लागते आणि ती नेटफ्लिक्सच्या ॲपमधून नाही, माय जिओमधून सुरू होते.

तर माय जिओ उघडा आणि सगळ्यात आधी वर कुठला नंबर दिसतोय ते बघा. एकाच ॲपमध्ये घरातले तीन-चार नंबर जोडलेले असतात आणि आपण भलत्याच नंबरवर नेटफ्लिक्स शोधत बसतो. नंबर बरोबर असेल तर प्लॅन खरंच चालू आहे की रांगेत आहे ते बघा, कारण जुना प्लॅन संपायच्या आधी रिचार्ज केला असेल तर नवीन प्लॅन मागे थांबून राहतो आणि तो चालू होईपर्यंत नेटफ्लिक्सही मिळत नाही.

प्लॅन चालू आहे म्हटल्यावर त्याच ॲपमध्ये नेटफ्लिक्स चालू करायचं बटण शोधा, मेसेजमध्ये लिंक आली असेल तर तीही चालेल. त्यातून नेटफ्लिक्सचं पान उघडतं, तिथे जुनं अकाउंट असेल तर त्याचा ईमेल पासवर्ड टाका, नसेल तर नवीन बनवा.

खरी गडबड होते ती इथेच. समजा सोलापूरला बाबांच्या नंबरवर रिचार्ज केलाय आणि लिंक त्यांनी पुण्यात मुलाला फॉरवर्ड केली, मुलाच्या ब्राउझरमध्ये रूममेटचं नेटफ्लिक्स आधीपासून लॉगिन होतं, त्याने न बघता पुढे पुढे केलं आणि बाबांचा प्लॅन जाऊन बसला रूममेटच्या अकाउंटला. आता माय जिओ सांगतंय चालू झालंय आणि बाबांच्या फोनवर अजून पैसे मागतंय. म्हणून लिंक ज्याचा नंबर त्याच्याच फोनवर उघडा आणि पुढे जायच्या आधी स्क्रीनवर कुठला ईमेल दिसतोय तो नीट वाचा, दुसऱ्याचा असेल तर साइन आउट करून मग परत लिंक उघडा.

जोडणी झाली की नाही हे ओळखायचं कसं? नेटफ्लिक्सच्या अकाउंट पेजवर जा, पैसे कुठून जातात तिथे जिओचं नाव दिसायला हवं. तिथे अजून तुमचं कार्ड किंवा यूपीआय दिसत असेल तर जोडणी झालेली नाही, आणि आधीचा ऑटोपे चालू असेल तर तो कटत राहतोय का तेही यूपीआय ॲपमध्ये तपासा. अजून एक, मोबाईलवाला प्लॅन फक्त फोन आणि टॅबवर चालतो, त्यामुळे टीव्हीवर लागत नाही म्हणून जोडणी चुकली असं समजू नका.

प्लॅन चुकीच्या अकाउंटला गेला असेल तर मात्र स्वतः खटाटोप करू नका, त्याच सिमवरून 198 ला तक्रार करा, कुठल्या ईमेलला जोडला गेला आणि कुठल्या ईमेलला हवाय हे दोन्ही सांगा आणि तक्रार क्रमांक घ्या. रिचार्जची तारीख आणि ट्रान्झॅक्शन नंबर हाताशी ठेवा. गुगलवर सापडलेल्या कस्टमर केअर नंबरला फोन करून ओटीपी अजिबात देऊ नका, असल्या नंबरांवर फसवणूक फार होते.

पुढच्या वेळी रिचार्ज करताना नेटफ्लिक्सवालाच प्लॅन घ्या, साधा घेतला तर जोडणी असूनही नेटफ्लिक्स परत पैसे मागणार.