घड्याळ दिसलं म्हणजे मेसेज खिशातच आहे

गेल्या महिन्यात ऐरोलीतल्या ऑफिसच्या तळघरात गाडी काढताना आईला व्हॉट्सअ‍ॅप केलं, "उशीर होईल, जेवून घे." फोन खिशात टाकला. साडेदहाला ठाण्याला घरी पोचलो तर ताट झाकून आई ताटकळत बसलेली. "मेसेज आलाच नाही रे!"

मी फोन काढला. मेसेजखाली बारीक घड्याळ होतं. म्हणजे तो माझ्या फोनमधून निघालाच नव्हता. बघता बघता घड्याळ जाऊन एक टिक आली, मग दोन.

तळघरात रेंज नव्हती, हे ठीक. पण बाहेर आल्यावर का गेला नाही? सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपचा मोबाइल डेटा पाहिला, तर `Background data` बंद! डेटा वाचवायला मीच कधीतरी केलं असणार. अ‍ॅप उघडेपर्यंत मेसेज अडकून राहत होता. ते चालू केलं. दुसऱ्या दिवशी तळघरातूनच मुद्दाम मेसेज पाठवला आणि फोनला हात लावला नाही. रस्त्यावर आल्यावर पाहिलं, दोन टिका.

एकच करडी टिक असेल तर मेसेज सर्व्हरपर्यंत गेलाय, अडचण समोरच्याकडे: फोन बंद, नेट नाही, किंवा (नाजूक विषय) ब्लॉक. दोन करड्या म्हणजे पोचला, पण तो त्यांच्या लॅपटॉपवरच्या व्हॉट्सअ‍ॅपवरही पोचलेला असू शकतो. निळ्या झाल्या म्हणजे चॅट उघडलं. आईने मात्र 'रीड रिसीट्स' बंद ठेवल्यात, त्यामुळे तिच्या टिका निळ्या होतच नाहीत. आता उशीर होणार असेल तर मी सरळ फोन करतो.