घरात रोज किती पाणी लागतं? नववीच्या वर्गासाठी तयारी

आधी प्रश्न नीट घडवून घ्या. ‘घरात रोज किती पाणी लागतं?’ एवढंच विचारलं तर अर्धा वर्ग जुलै डोळ्यासमोर ठेवतो आणि अर्धा मे. नागपुरात या दोन महिन्यांमध्ये कूलरचा फरक पडतो. म्हणून फळ्यावर असं लिहा: ‘एप्रिलमधल्या एका साध्या दिवशी तुमच्या घरात किती लिटर पाणी खर्च होतं? प्रत्येक गृहीतकापुढे ते का धरलं ते लिहा.’ पाहुणे, लग्नघर आणि नळ न आलेला दिवस वगळा. माणशी १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात वापरतात तो आकडा सुरुवातीला सांगू नका. तो कानावर पडला की मुलं उत्तर तिकडे ओढत नेतात.

सामानात लिटरची बाटली, मोबाईलचं घड्याळ, मोजपट्टी आणि खडू एवढं पुरे. बादली १६ लिटरची असली तरी कोणी काठोकाठ भरत नाही. नेहमी भरतात तिथे खडूने खूण करून बाटलीने एकदा मोजायला लावा, बहुतेक १३-१४ लिटरच निघतात. नळाचा वेग काढायला बाटली भरायला लागलेले सेकंद मोजा. १० सेकंद लागले तर मिनिटाला ६ लिटर. हे भांडी घासताना नळ जेवढा उघडा असतो, तेवढाच उघडून मोजायचं. तोटी पूर्ण उघडून मोजलं की अंदाज दुप्पट फुगतो. ज्यांच्याकडे मीटर नाही किंवा सार्वजनिक नळावरून पाणी येतं, त्यांनी गुंड मोजावेत. त्यांची नोंद बहुधा जास्त अचूक असते.

तक्त्यात तीन रकाने ठेवा: काय धरलं, कशावरून धरलं, किती चुकू शकतं. दुसऱ्या रकान्यात ‘मोजलं’, ‘विचारलं’ किंवा ‘अंदाज’ यांपैकी एक शब्द यायलाच हवा.

वर्गात दाखवायला चार माणसांचं घर घ्या. आंघोळ ८० लिटर, १० लिटरची टाकी १४ वेळा ओढली म्हणून संडासासाठी १४०, भांड्यांना १५ मिनिटं नळ म्हणजे ९०, एक दिवसाआड धुणं म्हणून दिवसाला ५०, पिणं-स्वयंपाक आणि आरओचं वाया जाणारं पाणी मिळून ३६, पुसायला १४. एकूण ४१०. आता मुलांना विचारा, कुठल्या ओळीवर भांडण्यात अर्थ आहे? प्यायच्या ग्लासांवरून वाद फार रंगतो, पण प्रत्येकाने एक ग्लास जास्त प्यायला तरी लिटरभराचाच फरक. संडासाची टाकी चौदाऐवजी वीस वेळा ओढली असं निघालं तर ६० लिटर वाढतात. जास्त मोजायचं तिथेच.

मग कूलर. टाकीत खूण करा, पंप-पंखा चालू करा, आणि दोन तासांनी पुन्हा त्याच खुणेपर्यंत किती पाणी घालावं लागलं ते पाहा. आधी जाळ्या भिजू द्या, नाहीतर त्यांनी शोषलेलं पाणीही बाष्पीभवनात धरलं जातं. दुपारी तासाला १४ आणि रात्री ८ लिटर आले असं समजा. दुपारचे ६ तास ८४, रात्रीचे ८ तास ६४, मिळून १४८. रात्री हवा थंड होते, आर्द्रता वाढते, म्हणून पाणी कमी उडतं. एकच वेग दिवसभर लावणं ही इथली नेहमीची चूक. घराचा आकडा ५५८ वर गेला, म्हणजे माणशी सुमारे १४०. आता १३५ सांगितलं तरी हरकत नाही, पण जुळलं म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही, हे तिथेच बोलून टाका. तो आकडा पुरवठ्याचा आहे, या घराच्या वापराचा नाही.

मीटर असलेल्या घरांकडून पडताळा घ्या, पण एका दिवसाच्या फरकावर विसंबू नका. मीटर टाकीत शिरणारं पाणी मोजतो, खर्च झालेलं नाही. वापर म्हणजे मीटरचा फरक, अधिक सुरुवातीला टाकीत असलेलं पाणी, उणे शेवटी उरलेलं. गोल टाकीचा आतला व्यास ११० सेंमी असेल तर पातळीचा एक सेंमी म्हणजे साधारण साडेनऊ लिटर. मोजमाप गच्चीवर मोठ्यांच्या समोरच. सात दिवसांनी त्याच वेळी दुसरं वाचन घ्या. मीटर घनमीटरमध्ये असतो, १ म्हणजे १००० लिटर, हे आधी सांगितलं नाही तर कोणाचं तरी घर रोज अर्धा लिटरवर चालतं.

तपासताना दुहेरी मोजणी शोधा. आरओच्या वाया पाण्याने फरशी पुसली आणि पुसण्याचे १४ लिटर वेगळेही धरले, तर तेच पाणी दोनदा आलं. नळातून निघतानाच मोजायचं, पुढे ते कुठे गेलं ते शेऱ्यात. उत्तर ‘५५८’ असं आलं तर परत करा. ‘५०० ते ६२०, सर्वात मोठी शंका कूलरच्या तासांची’ असं आलं तर गुण द्या, आणि हेच घर जुलैत किती वापरेल ते काढायला सांगा.