सिंगापूरमध्ये सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावलं, तर तुमचं काय येणं लागतं

सिंगापुरात नव्याने आलेली आपली माणसं पहिल्या काही महिन्यांत घर, बँक, मुलांची शाळा यांतच बुडालेली असतात. सार्वजनिक सुट्टीचा हिशोब कोणी बघत नाही. मग एखाद्या सणाला कामावर जावं लागतं, महिन्याअखेर पगार नेहमीइतकाच येतो आणि 'इथे असंच असतं' असं समजून माणूस गप्प बसतो. इथे असं नसतं. एम्प्लॉयमेंट अ‍ॅक्टमध्ये याचे नियम स्वच्छ लिहिलेले आहेत आणि ते वर्क परमिट, एस पास, ईपी अशा सगळ्यांना लागू आहेत. 1 एप्रिल 2019 पासून मॅनेजर आणि एक्झिक्युटिव्हही, पगार कितीही असला तरी, या कायद्याखाली आले. बाहेर राहतात ते घरकामगार, जहाजावरचे कर्मचारी आणि सरकारी नोकर. तुम्ही घरकामासाठी आला असाल, तर पुढचं तुमच्यासाठी नाही. तुमचे नियम वेगळे आहेत.

वर्षाला 11 सार्वजनिक सुट्ट्या आहेत: नववर्षाचा पहिला दिवस, चिनी नववर्षाचे दोन दिवस, हरी राया पुआसा, गुड फ्रायडे, 1 मेचा कामगार दिन, वेसाक डे, हरी राया हाजी, 9 ऑगस्टचा राष्ट्रीय दिन, दीपावली आणि ख्रिसमस. निवडणूक असेल तर मतदानाच्या दिवसाची भर पडते. या सुट्ट्या पगारी असतात. महिन्याच्या पगारावर काम करणाऱ्यांना हे वेगळं दिसत नाही, कारण पगार कापला जात नाही एवढंच घडतं. पण हे नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा हिशोब यावर उभा आहे: सुट्टीच्या दिवसाचा पगार तुम्हाला घरी बसूनही मिळणारच असतो. त्या दिवशी काम केलंत, तर त्या कामाचे पैसे त्याच्या वर मिळायला हवेत. सुपरवायझर जेव्हा म्हणतो की 'त्या दिवसाचे पैसे तुमच्या पगारात आलेच आहेत', तेव्हा तो सुट्टीच्या पैशांबद्दल बोलत असतो. कामाचे पैसे त्यात आलेले नसतात.

मालकाला तुम्हाला सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावता येतं. हॉस्पिटल, हॉटेल, कारखाना, विमानतळ अशा ठिकाणी ते टळत नाही. बोलावल्यावर काय द्यायचं, एवढंच कायदा ठरवतो, आणि इथे माणसांचे दोन गट पडतात. तुम्ही कोणत्या गटात आहात हे आधी बघा.

पहिल्या गटात अंगमेहनतीची कामं करणारे येतात, ज्यांना कायदा वर्कमन म्हणतो: मशीन ऑपरेटर, ड्रायव्हर, क्लीनर, बांधकामावरचे. त्यांचा मूळ पगार महिना 4,500 डॉलरपर्यंत असला पाहिजे. याच गटात क्लार्क, रिसेप्शनिस्ट असे वर्कमन नसलेले लोकही येतात, पण त्यांची मर्यादा 2,600 डॉलर मूळ पगाराची आहे. मॅनेजर किंवा एक्झिक्युटिव्ह असाल तर या गटात नाही, मग पगार कमी असला तरीही. मात्र नुसत्या पदनामावर जाऊ नका. ऑफर लेटरमध्ये 'एक्झिक्युटिव्ह' छापलेलं असतं आणि माणूस दिवसभर काउंटरवर बिलं बनवत असतो, असं पुष्कळ दिसतं. हाताखाली माणसं आहेत का, कामावर घेण्याचे, शिस्तीचे किंवा धोरणाचे निर्णय तुम्ही घेता का, यावरून ते ठरतं.

पहिल्या गटातल्या माणसाला कामाच्या बदल्यात पैसे मिळतात: एका दिवसाचा जादा पगार, मूळ पगाराच्या दराने. नेहमीच्या तासांपेक्षा जास्त थांबवलं, तर त्या तासांचा ओव्हरटाइम वेगळा.

एक हिशोब करून दाखवतो. समजा एक टेक्निशियन आठवड्याला सहा दिवस, 44 तास काम करतो. मूळ पगार 2,080 डॉलर, शिवाय दर महिन्याला ठरलेला 260 डॉलरचा शिफ्ट भत्ता. दीपावली 2025 मध्ये सोमवारी, 20 ऑक्टोबरला होती. त्या दिवशी तो त्याचे नेहमीचे 8 तास आणि वर 2 तास थांबला.

दिवसाचा दर काढायची रीत अशी: महिन्याचा पगार गुणिले 12, भागिले 52 आठवडे गुणिले आठवड्यातले कामाचे दिवस. सहा दिवसांच्या आठवड्यात हे सोपं होतं, कारण पगाराला सरळ 26 ने भागलं की झालं. त्याचा मूळ दर 2,080 भागिले 26, म्हणजे 80 डॉलर. भत्त्यासकटचा ढोबळ, म्हणजे ग्रॉस, दर 2,340 भागिले 26, म्हणजे 90 डॉलर. हे 90 म्हणजे सुट्टीचा पगार, आणि तो महिन्याच्या 2,340 मध्ये आधीच आहे. त्यावर जादा दिवसाचे 80 यायला हवेत. ओव्हरटाइमसाठी तासाचा मूळ दर लागतो: 2,080 गुणिले 12, भागिले 52 गुणिले 44, म्हणजे 10.91 डॉलरच्या आसपास. त्याच्या दीडपटीने 2 तासांचे 32.73 होतात. म्हणजे ऑक्टोबरच्या नेहमीच्या पगाराच्या वर 112.73 डॉलर त्याचं येणं आहे. पेस्लिपवर फक्त 32.73 दिसले, तर मालकाने ओव्हरटाइम दिला आणि सुट्टीचं काम गिळलं, असा त्याचा अर्थ. सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच, कारण ओव्हरटाइमचा आकडा दिसला की माणसाला पैसे मिळाल्यासारखं वाटतं.

प्रवास, जेवण, घरभाडं यांचे भत्ते ढोबळ दरात धरत नाहीत, बोनसही धरत नाहीत. त्यामुळे हातात येणाऱ्या एकूण रकमेला 26 ने भागून बसू नका. आकडा चुकेल आणि तुमचं खरं म्हणणंही कच्चं ठरेल. वर्क परमिटवाल्यांनी मूळ पगाराचा आकडा परमिटच्या तत्त्वतः मंजुरीच्या, म्हणजे आयपीए, पत्रातून घ्यावा. मूळ किती आणि ठरलेले भत्ते किती, हे तिथे वेगवेगळं लिहिलेलं असतं.

दुसऱ्या गटात वरच्या मर्यादांपेक्षा जास्त पगाराचे आणि सगळे मॅनेजर-एक्झिक्युटिव्ह येतात. आयटीत ईपीवर आलेली आपली बहुतेक मंडळी इथेच बसतात. यांना मालक पैशांऐवजी रजेचे तास देऊ शकतो, ज्याला सगळे 'ऑफ-इन-लिऊ' म्हणतात. किती तास, हे दोघांनी मिळून ठरवायचं. जमलं नाही, तर मालकाने एक दिवसाचा जादा मूळ पगार तरी द्यायचा किंवा ठरावीक रजा: सुट्टीला 4 तासांपर्यंत काम केलं असेल तर 4 तास, त्याहून जास्त केलं असेल तर पूर्ण दिवस. रात्रीच्या सॉफ्टवेअर रिलीजसाठी पाच तास बसवून 'उद्या जरा उशिरा या' म्हणणं यात बसत नाही. असं रिलीज झालं की त्याच दिवशी मॅनेजरला एक साधी ईमेल टाका: अमुक तारखेला सुट्टी होती, इतक्या ते इतक्या वाजेपर्यंत काम केलं, बदली रजा अमुक दिवशी घेऊ का. यात भांडण काही नाही, आणि नंतर दोन्ही बाजूंना तारीख सापडते.

पहिल्या गटातल्यांना मात्र असा 'ऑफ' परस्पर देऊन पैसे टाळता येत नाहीत. याला एकच वाट आहे: आधी दोघांच्या संमतीने सुट्टीच बदलणं. म्हणजे दीपावलीची सुट्टी उचलून दुसऱ्या एखाद्या कामाच्या दिवशी ठेवायची. तसं ठरलं की दीपावली तुमच्यासाठी साधा कामाचा दिवस होतो आणि बदललेला दिवस पगारी सुट्टीचा. आपल्या लोकांसाठी ही सोय खरोखर कामाची आहे. इथे दीपावलीची एकच सुट्टी असते. पाडवा, भाऊबीज, गणेशचतुर्थी यांना सुट्टी नाही. ख्रिसमसला काम करायची तयारी दाखवून गणपतीला घरी राहता येतं. पण ते आधी ठरायला हवं, आणि लेखी. काम करून घेतल्यावर पुढच्या आठवड्यातला एखादा रिकामा दिवस दाखवून 'आपण सुट्टी बदलली होती ना' असं कोणी म्हणालं, तर ती संमती नव्हे. महिन्याच्या रोस्टरवर सह्या घेतात तेव्हा वरच्या ओळी वाचा. सुट्टी बदलल्याचं वाक्य कधी कधी तिथेच असतं.

सुट्टी आणि साप्ताहिक सुट्टी एकाच दिवशी आली तर? तुमच्या विश्रांतीच्या दिवसावर सार्वजनिक सुट्टी पडली, तर पुढचा कामाचा दिवस पगारी सुट्टीचा होतो. शिफ्टवाल्यांनी इथे कॅलेंडरवरचा रविवार नाही, आपला रोस्टरवरचा विश्रांतीचा दिवस बघायचा. तो बुधवार असेल आणि सुट्टी बुधवारी आली, तर गुरुवार तुमचा. गुरुवारी बोलावलं, तर वरचा हिशोब गुरुवारला लागतो. पाच दिवसांच्या आठवड्यातला शनिवार मात्र वेगळा: तो कामाचा दिवस नसतो आणि बहुधा विश्रांतीचा दिवसही नसतो. शनिवारी सुट्टी आली, तर मालक एक बदली दिवस देतो किंवा एका दिवसाचा ढोबळ दराने पगार. निवड त्याची, पण दोन्हीपैकी काहीच न देणं चालत नाही.

सुट्टीचा पगार तुमच्या हातून जाऊ शकतो तो एका कारणाने: सुट्टीच्या लगेच आधीच्या किंवा नंतरच्या कामाच्या दिवशी न सांगता, सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिल्याने. सोमवारच्या दीपावलीआधीचा कामाचा दिवस सहा दिवसवाल्यांसाठी शनिवार. शनिवारी दांडी मारली, की सोमवारचा पगार कापला जाऊ शकतो. डॉक्टरची एमसी किंवा मंजूर रजा असेल तर काही होत नाही.

पैसे आले नाहीत, तर आधी पेस्लिप काढा. 2016 पासून तपशीलवार पेस्लिप देणं मालकावर बंधनकारक आहे आणि सुट्टीच्या कामाचे पैसे तिच्यात वेगळे दिसले पाहिजेत. सोबत रोस्टर, हजेरीचा फोटो आणि कामावर बोलावल्याचा मेसेज ठेवा. हे घेऊन एचआरला आकड्यासकट विचारा. 'माझे सुट्टीचे पैसे द्या' म्हणण्यापेक्षा '20 ऑक्टोबर, जादा दिवस 80, ओव्हरटाइम 32.73' असं लिहिलं की बहुतेक ठिकाणी पुढच्या पगारात दुरुस्ती होते.

नाही झाली, तर टॅडेम या नोकरीतले वाद मिटवणाऱ्या संस्थेकडे दावा नोंदवता येतो. तिथे आधी समेटाची बैठक होते, आणि त्यात सुटलं नाही तर प्रकरण एम्प्लॉयमेंट क्लेम्स ट्रिब्युनलकडे जातं. 20,000 डॉलरपर्यंतचे दावे तिथे चालतात, आणि युनियनच्या मदतीने गेलात तर 30,000 पर्यंत. नोकरीत असताना पैसे थकल्यापासून 1 वर्षाच्या आत जावं लागतं. नोकरी सोडली असेल तर शेवटच्या दिवसापासून 6 महिन्यांच्या आत, आणि मागे जाऊन सगळ्या वर्षांचे पैसे मागता येत नाहीत. म्हणून 'नोकरी सोडताना एकदम बघू' असं म्हणत तीन-चार वर्षांच्या सुट्ट्या साठवू नका. त्यातल्या जुन्या तोवर हातातून गेलेल्या असतात.