या चुका टाळा: प्रोटॉन ग्रेडियंट, एटीपी सिंथेज आणि ऑक्सिजनचा तो ग्राफ

एक प्रश्न बीएस्सीच्या तोंडी परीक्षेत हमखास येतो आणि हमखास चुकतो. मायटोकॉन्ड्रियात ऑलिगोमायसिन टाकलं, ऑक्सिजनचा वापर एकदम घसरला, तर ऑलिगोमायसिनने काय अडवलं? पोरं पटकन सांगतात, इलेक्ट्रॉन ट्रान्सपोर्ट चेन. कारण ऑक्सिजन तर चेनच्या शेवटी कॉम्प्लेक्स चारवर वापरला जातो ना, मग ऑक्सिजन थांबला म्हणजे चेन अडकली, असं सरळ गणित. पण ऑलिगोमायसिन चेनला हातसुद्धा लावत नाही, ते बसतं एटीपी सिंथेजच्या पटलातल्या भागात, एफ-ओ मध्ये. (हा इंग्रजी ओ आहे बरं का, शून्य नाही, आणि तो ओ ऑलिगोमायसिनचाच. कित्येक गाइडांत एफ-झीरो छापलंय.)

मग चेन का थांबते? कारण चेन आणि एटीपी सिंथेज यांच्यामध्ये दुसरा काही सांधाच नाही, फक्त ग्रेडियंट आहे. चेन मॅट्रिक्समधले प्रोटॉन आतल्या पटलाच्या बाहेर ढकलते, ते एटीपी सिंथेजमधून आत परत येतात. परतीची वाट बंद केली की बाहेरचा दाब वाढत जातो, आणि एका टप्प्याला तो इतका होतो की इलेक्ट्रॉन पुढे सरकताना मिळणारी ऊर्जा आणखी प्रोटॉन ढकलायला पुरत नाही. हॅंडपंपाचं तोंड दाबून धरलं आणि दांडा हलवायला गेलं की हात जड होतो, तसंच. १९६१ मध्ये पीटर मिशेलने हेच मांडलं तेव्हा लोक एखादं हाय-एनर्जी रसायन शोधत होते जे चेनकडून ऊर्जा घेऊन एटीपीकडे नेईल. ते काही सापडलं नाही, कारण ते नव्हतंच. मिशेलला १९७८ चं नोबेल मिळालं.

हे नुसतं पाठ करून उपयोग नाही, ग्राफवर बघायला लागतं. उंदराच्या यकृतातून काढलेले मायटोकॉन्ड्रिया ऑक्सिजन इलेक्ट्रोडच्या चेंबरमध्ये घ्या, बफरमध्ये फॉस्फेट आहे, इंधन म्हणून सक्सिनेट दिलंय आणि कॉम्प्लेक्स एककडे उलटा प्रवाह जाऊ नये म्हणून रोटेनोन. समजण्यासाठी गोल आकडे धरू. सुरुवातीला ऑक्सिजन वापराचा वेग २०. एडीपी टाकलं की १००, कारण सिंथेज फिरायला लागलं, प्रोटॉन आत यायला लागले, दाब थोडा उतरला, चेन मोकळी झाली. एडीपी संपलं की परत २०. पुन्हा भरपूर एडीपी टाकून वेग १०० वर नेला आणि मग ऑलिगोमायसिन दिलं, २०. आता खरी परीक्षा, डायनायट्रोफिनॉल म्हणजे डीएनपी टाका. वेग १२०! चेन जर ऑलिगोमायसिनने अडवली असती तर डीएनपीने ती सुटलीच नसती. डीएनपी पटलाच्या एका बाजूला प्रोटॉन उचलतं, पटलातून पार होतं आणि आत सोडतं, सिंथेजला बायपास. ऑक्सिजन धडाधड संपतो, एटीपी शून्य, सगळी ऊर्जा उष्णता म्हणून जाते. १९३० च्या दशकात अमेरिकेत हेच डीएनपी वजन कमी करायचं औषध म्हणून विकलं गेलं, आणि अंगातली उष्णता आवरेना म्हणून माणसं दगावली.

म्हणजे "डीएनपी श्वसन थांबवतं" हे पण चूक. ते एटीपी थांबवतं, श्वसन वाढवतं. सायनाइड मात्र खरंच चेन अडवतं, त्यानंतर डीएनपी कितीही ओता, वेग हलत नाही. हा फरक डोक्यात बसला की अर्धं काम झालं.

आता माझी फजिती सांगतो. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी मायटोकॉन्ड्रिया काढले, सगळं बर्फात, होमोजनायझर हलक्या हाताने, चेंबरमध्ये घातले, वेग २० च्या आसपास छान. एडीपी टाकलं. काहीच नाही. अजून टाकलं, काहीच नाही. मी ठरवून टाकलं की मायटोकॉन्ड्रिया मेले, फेकले, दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं केलं आणि पुन्हा तेच. शेवटी एका सिनियरने विचारलं, डीएनपी टाकून बघितलंस का? टाकलं तर वेग टणकन वर. म्हणजे चेन ठणठणीत, पटलही ठीक (कारण आधीचा वेग कमी होता), अडचण फक्त एटीपी बनण्याच्या बाजूला. आणि बफर बनवताना मी फॉस्फेटच घालायला विसरलो होतो. एडीपी आहे, प्रोटॉन बाहेर दाटलेत, पण जोडायला फॉस्फेट नाही म्हणून सिंथेज फिरत नाही आणि सिंथेज फिरत नाही म्हणून चेन वेग घेत नाही. दोन दिवस गेले एका बाटलीपायी.

उलटी केस पण ओळखता आली पाहिजे. सुरुवातीचा वेगच ९०, एडीपीने फार तर १००, ऑलिगोमायसिनने काही फरक नाही, डीएनपीने पण नाही. हे पटल फाटलंय. प्रोटॉन कुठूनही आत गळतायत, दाब तयारच होत नाही, म्हणून चेन आधीपासूनच सुसाट. होमोजनायझर जोरात मारला किंवा बर्फ संपल्यावरही काम करत बसलं की हे होतं. एडीपी असतानाचा वेग भागिले एडीपी संपल्यावरचा वेग, हा आकडा आधी काढायचा, वरच्या चांगल्या ग्राफमध्ये तो ५ आहे. १ च्या जवळ आला तर पुढचा प्रयोग करूच नका.

आणि एक, ऑलिगोमायसिन चेंबरच्या प्लॅस्टिकला चिकटून राहतं, पाण्याने जात नाही. इथेनॉलने दोन-तीनदा धुतलं नाही तर पुढच्या रनमध्ये एडीपी टाकल्यावर काही होत नाही आणि माणूस पुन्हा मायटोकॉन्ड्रियालाच शिव्या घालतो.

दुसरी मोठी चूक, ग्रेडियंट म्हणजे पीएचचा फरक. शिकवताना मी पण कोयनेचं उदाहरण द्यायचो, बाहेर धरणासारखे प्रोटॉन भरलेत, आत कमी, दार उघडलं की टर्बाइन फिरतं. ऐकायला झकास, पण आकडे बघा. मॅट्रिक्सचा पीएच साधारण ७.८ धरला तर एक घन मायक्रोमीटर जागेत मोकळे प्रोटॉन किती निघतात? दहाच्या आसपास. दहा कोटी नाही, दहा! बाहेर ७.२ धरला तरी तेवढ्याच जागेत चाळीसही नाहीत. हे कसलं धरण. बाकीचे प्रोटॉन प्रोटीन आणि फॉस्फेटला चिकटलेले असतात, मागाल तसे सुटतात, म्हणून टंचाई पडत नाही.

खरा जोर व्होल्टेजचा असतो. प्रोटॉन बाहेर गेला की त्याचा धन भार बाहेर जातो, आतली बाजू ऋण होते, फरक साधारण १६० मिलिव्होल्ट. पीएचचा अर्धा युनिट फरक म्हणजे जेमतेम ३० मिलिव्होल्ट. बेरीज १९०, त्यातला सहावा हिस्सासुद्धा पीएचचा नाही. आणि १६० मिलिव्होल्ट ऐकून हसू नका, पटल पाचेक नॅनोमीटर जाड, म्हणजे मीटरला तीन कोटी व्होल्ट होतात, साध्या हवेत ठिणगी पडायला तीस लाख पुरतात.

गोंधळ होतो तो क्लोरोप्लास्टमुळे. तिथे थायलाकॉइडमध्ये मॅग्नेशियम, क्लोराइड वगैरे आयन सरकतात, व्होल्टेज बरंचसं विरून जातं आणि जोर पीएचवर येतो. १९६६ मध्ये यागेनडॉर्फ आणि उरीबे यांनी थायलाकॉइड पीएच ४ च्या आम्लात भिजवले, मग अंधारात झटकन पीएच ८ मध्ये टाकले, आणि उजेड नसताना एटीपी बनलं. जबरदस्त प्रयोग, पण तो वाचून लोक मायटोकॉन्ड्रियालाही तेच लावतात.

तिसरी चूक जरा बारीक आहे. "प्रोटॉनच्या ऊर्जेने एडीपी आणि फॉस्फेटमधला बंध तयार होतो." लिहायला सोपं, पण पॉल बॉयरने दाखवलं ते वेगळं. एफ-वन मध्ये तीन बीटा उपघटक असतात, मधून गॅमाचा दांडा. घट्ट अवस्थेतल्या खाचेत एडीपी आणि फॉस्फेट बसले की एटीपी जवळपास फुकटात बनतं, पण ते तिथे इतकं घट्ट धरलेलं असतं की बाहेर पडत नाही. प्रोटॉन एफ-ओ ची रिंग फिरवतात, रिंगसोबत गॅमा फिरतो, गॅमाच्या वाकड्या आकारामुळे ती खाच सैल होते आणि एटीपी सुटतं. ऊर्जा मुख्यतः या सोडवणुकीला लागते. दर १२० अंशांना एक एटीपी, पूर्ण फेरीला तीन. १९९७ मध्ये जपानमध्ये नोजी आणि सहकाऱ्यांनी गॅमाला ॲक्टिनचा चमकणारा धागा जोडून हे मायक्रोस्कोपखाली फिरताना दाखवलं (उलट्या दिशेने, एटीपी तोडून), आणि त्याच वर्षी बॉयर आणि वॉकर यांना नोबेल मिळालं.

यातूनच मोजणीची चूक सुटते. एका एटीपीला किती प्रोटॉन, २, ३ की ४? प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियात रिंगमध्ये ८ सी-उपघटक, म्हणजे एका फेरीला ८ प्रोटॉन आणि ३ एटीपी, भाग दिला की २.७. त्यात फॉस्फेट आत आणायला आणि एटीपी-एडीपीची अदलाबदल करायला मिळून एक धरा, ३.७. पुस्तकातले ४ हे याचंच गोल रूप. एनएडीएचमागे १० प्रोटॉन बाहेर जातात, सक्सिनेटमागे ६, कारण कॉम्प्लेक्स दोन पंप करत नाही. म्हणून त्यांच्यामागे साधारण अडीच आणि दीड एटीपी. जुने ३ आणि २ पूर्णांकाच्या हौसेपायी टिकलेत.

आता आपल्या ग्राफकडे परत. ३०० नॅनोमोल एडीपी टाकलं आणि ते संपेपर्यंत २०० नॅनोमोल ऑक्सिजन अणू वापरले गेले, भागाकार १.५, सक्सिनेटला शोभेसा. इथे अणू मोजायचे, रेणू नाही, रेणू मोजले तर ३ येतं आणि पोरं खूश होतात. १.१ वगैरे आलं तर पटल थोडं गळतंय. पण २.२ आलं तर? ३.७ ने ६ ला भागलं तर १.६ च्या वर जाताच येत नाही, तेव्हा मायटोकॉन्ड्रिया भारी निघाले असं समजू नका. एडीपीची पावडर ओलावा धरते, वजनात पाणी मोजलं जातं आणि बाटलीवर लिहिलंय त्यापेक्षा एडीपी कमी पडतं. २६० नॅनोमीटरला त्या द्रावणाचं शोषण बघा, खरी मात्रा काढा आणि तीच घालून भागाकार परत करा.