भाव-यादीचा फोटो काढून बिलाची शीट बनवताय? या चुका टाळा

इतवारीतल्या होलसेलवाल्याची भिंतीवरची यादी मोबाईलने काढली, लेन्सने मजकूर कॉपी करून शीटमध्ये टाकला, आणि लगेच बिलं फाडायला बसले, असं बरेच जण करतात. मग गिऱ्हाईक समोर उभं असताना "हे काय होऊन राहिलं बे" सुरू होतं.

सगळ्यात वाईट म्हणजे भाव एक ओळ सरकणं, कारण ते दिसतच नाही. फोटोतून बरेचदा आधी मालाची नावं सगळी येतात आणि मग भाव सगळे. एखाद्या मालापुढे भाव लिहिलेलाच नसेल किंवा वरच्यासारखाच म्हणून नुसती " खूण असेल तर ती जागा गायब होते आणि खालचे सगळे भाव एक घर वर चढतात, म्हणजे पोह्याला रव्याचा भाव. म्हणून पेस्ट केल्यावर आधी नावं किती आणि भाव किती ते मोजा, मग अगदी शेवटची ओळ फोटोशी जुळवा. ती चुकली असेल तर मधली बघा, घोळ वरच्या अर्ध्यात की खालच्या ते कळतं.

भाव सेलमध्ये डावीकडे चिकटलेले दिसले की समजा ते आकडे नाहीत, टेक्स्ट आहे. `120/-` असं आलं की बेरीज त्याला गुपचूप सोडून देते, एरर पण नाही देत, त्यामुळे फाइंड-रिप्लेसने `/-` काढून टाका. कोडचा कॉलम मात्र पेस्ट करायच्या आधीच प्लेन टेक्स्ट करा, नाहीतर `007` चा `7` होतो. युनिटचा पण तसाच करा, अर्धा किलोच्या `1/2` ची तारीख होऊन बसते.

आता खरी गोम युनिटची. समजा यादीत "तूर डाळ ६०००" आहे, आणि वर कोपऱ्यात बारीक अक्षरात ५० किलो कट्टा, जे फोटोत कापलं गेलं. गिऱ्हाईकाने ५ किलो घेतली की बिल ३०,००० चं! कट्टा आणि सुटी यांना एकच कोड देऊ नका, `TUR50` आणि `TURKG` अशा दोन ओळी ठेवा, युनिट वेगळं, भाव वेगळा. नुसतं भागून सुट्याचा भाव काढणं पण चूकच, सुट्यात तूट जाते, पिशवी लागते, म्हणून तो थोडा जास्तच असतो.

बिलात कोडवरून भाव आणताना शेवटचं `FALSE` खाऊ नका (`Bhav` शीटमध्ये कोड, माल, युनिट, भाव या क्रमाने कॉलम धरलेत):

```
=VLOOKUP(A2,Bhav!A:D,4,FALSE)
```

ते नसलं तर कोड सापडला नाही तरी भलत्याच मालाचा भाव येऊ शकतो. `FALSE` असलं की सरळ `#N/A` दिसतं, ते बरं.

आणि एक तपासणी करूनच टाका: ६००० भागिले ५० म्हणजे १२०, सुटीचा भाव १२५ असेल तर ठीक, पण १२.५ किंवा ११० दिसला तर फोटो परत उघडा.