गंज, सांबार आणि ‘आले का?’ : कादंबरीच्या पहिल्या प्रकरणाचा इंग्रजी नमुना अनुवाद कसा करावा

इंग्रजी प्रकाशकाकडे मराठी कादंबरी न्यायची तर आधी नमुना लागतो. सहसा पहिलं प्रकरण किंवा इंग्रजीत तीन ते पाच हजार शब्द. ते वाचणारा संपादक बहुधा मराठी जाणत नसतो, आणि दोन-तीन पानांत त्याचं मत व्हायला लागतं. म्हणून या नमुन्यावर जितका वेळ जातो तितका पुढच्या वीस प्रकरणांवरही जात नाही.

मी मूळची साताऱ्याची, लग्नानंतर नागपूरकर झाले. नागपूरच्या महाल भागातल्या एका वाड्यात घडणाऱ्या कादंबरीचं पहिलं प्रकरण हाती आलं तेव्हा केलेल्या चुका आणि दुरुस्त्या इथे सांगते.

आधी हक्काचं बघा

एक ओळही अनुवादित करण्याआधी अनुवादाचा हक्क कुणाकडे आहे ते विचारा. कॉपीराइट अधिनियम, 1957 नुसार अनुवाद करण्याचा हक्क हा कॉपीराइटचाच भाग आहे. तो लेखकाकडे असू शकतो, मूळ प्रकाशकाला लिहून दिलेला असू शकतो, किंवा लेखक हयात नसेल तर वारसांकडे गेलेला असतो. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं तो टिकतो. लेखक फोनवर “करा की बिनधास्त” म्हणतात, पण त्यांच्या जुन्या कराराचा कागद प्रत्यक्ष पाहा. अनुवादाचं कलम त्यात असेल तर मराठी प्रकाशकाचंही पत्र लागेल. नमुना करायला आणि तो प्रकाशकांना दाखवायला परवानगी आहे, एवढं दोन ओळींचं ईमेल हातात असलं तरी सुरुवातीला चालतं.

मग प्रकरण वाचा, पेन न घेता

दोनदा वाचा. तिसऱ्यांदा वाचताना समासात फक्त एवढंच लिहा की कोण कुणाला काय म्हणतं, कोणती गोष्ट लपवली आहे आणि ती कुठे उघड होते. माझ्या प्रकरणाची सुरुवात साधारण अशी होती:

“पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माय चुलीवर गंज ठेवून बसली होती. रात्री म्हणे वाड्यामागं मोटार थांबली होती. ‘आले का?’ अण्णांनी विचारलं. मायनं गंजावरचं झाकण काढून पाहिलं. ‘तुम्हीच पाहा नं,’ ती म्हणाली. बाहेर पोट्टे ओरडून राहिले होते, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत.”

निवेदक नऊ वर्षांचा मुलगा आहे. कोण येणार ते प्रकरणाच्या शेवटी कळतं. तो एकच माणूस आहे, अण्णांचा थोरला भाऊ. सगळं प्रकरण या लपवण्यावर उभं आहे. पुढे शब्द निवडताना कशाला धरून राहायचं आणि काय सोडायचं, ते इथेच ठरतं.

कच्चा खर्डा शब्दाला चिकटून

पहिला खर्डा कुरूप होऊ द्या. एकही वाक्य गाळू नका, एकही जोडू नका. अडलं तिथे मराठी शब्द तसाच ठेवून खूण करा. मराठीतले प्रत्यय इंग्रजीत वेगवेगळे शब्द होतात, त्यामुळे लांबी वाढते. माझ्या हातून मराठीचे हजार शब्द इंग्रजीत बाराशे-तेराशेपर्यंत जातात. नमुन्याची मर्यादा ठरवताना हे धरा, नाहीतर प्रकरण मध्येच तोडावं लागतं.

या टप्प्यावरचा मोठा धोका म्हणजे ओळखीचे वाटणारे शब्द. मी ‘गंज’ वाचला आणि चुलीवर गंजलेलं काहीतरी चढवलं. खर्डा सासूबाईंना वाचून दाखवला तर त्या हसतच सुटल्या. “काय लिवून राहिली तू? गंज म्हणजे पातेलं नं बाप्पा!” पुढच्याच पानावर वरणावर ‘सांबार’ टाकला होता. इडलीसोबतचा नव्हे, विदर्भातली कोथिंबीर. असे शब्द शब्दकोशात हमखास सापडतात, फक्त दुसऱ्या अर्थाने, आणि म्हणून शंकाच येत नाही. ओळखायची खूण एकच आहे, वाक्यातलं चित्र डोळ्यांसमोर जुळत नाही. वरणावर आमटी कोण ओततं? तिथे थांबा आणि त्या भागातल्या माणसाला विचारा. विचारताना अख्खं वाक्य वाचून दाखवा, सुटा शब्द नको.

दुसरा खर्डा: मूळ पुस्तक मिटून

आता मराठी बाजूला ठेवा आणि फक्त इंग्रजी वाचत दुरुस्त करा. निष्ठा आणि वाचनीयता यांची खरी ओढाताण इथे सुरू होते. वरच्या सहा वाक्यांत मला चार ठिकाणी अडलं.

‘आले का?’ हे सगळ्यात अवघड निघालं. मराठीत कर्ता गाळला तरी वाक्य उभं राहतं. ‘आले’मध्ये अनेकवचन आहे, आणि आदरही. एक मोठा माणूस की पाच माणसं, ते कळत नाही, आणि लेखकाला तेच हवं आहे. इंग्रजीला मात्र कर्ता लागतो. ‘ही’ म्हटलं की एकच पुरुष आहे हे फुटतं. ‘दे’ म्हटलं की वाचक घोळक्याची वाट बघत बसतो आणि शेवटी फसवल्यासारखं वाटतं. ‘एनीबडी’ घातलं तर अण्णांना कोण येणार ते ठाऊकच नाही असं होतं. दोन दिवसांनी सुचलं, ‘हिअर यट?’ बोलण्यातली इंग्रजी कर्ता गाळू देते, आणि चुलीपाशी बसलेल्या बायकोला नवरा जितकं तुटक विचारेल तितकंच ते तुटक आहे. ‘का’ आणि ‘आले’ शब्दशः गेले, पण लपवलेलं लपलेलं राहिलं.

‘तुम्हीच पाहा नं’ मध्ये मायचा राग आदराच्या रूपात बसला आहे. अण्णा तिला अगं-तू करतात, ती त्यांना तुम्ही म्हणते. इंग्रजीत दोघांनाही ‘यू’. आदर दाखवायचा म्हणून मी तिच्या तोंडी ‘अण्णा’ घातलं होतं. ते साफ चुकीचं. त्या पिढीतली बायको नवऱ्याला अहो म्हणेल, घरातल्या नावाने हाक मारणार नाही. शेवटी उलट केलं. सबंध प्रकरणात ती त्यांना कोणत्याच नावाने हाक मारत नाही, आणि ते मात्र तिला दर दोन वाक्यांनी हाक मारतात. इथे फक्त ‘सी फॉर युअरसेल्फ’ राहिलं. सर्वनामातली गोष्ट एका ओळीत वठत नसेल तर ती पूर्ण प्रकरणात पसरून ठेवता येते.

‘म्हणे’ हा इवलासा शब्द सोडून देण्याचा मोह होतो. तो गेला तर मोटार मुलाने स्वतः पाहिली असं होतं. ‘अ‍ॅपरंटली’ घातलं तर नऊ वर्षांच्या मुलाच्या तोंडी वकील बोलू लागतो. मी वाक्याच्या शेवटी ‘पीपल सेड’ ठेवलं, तेही पहिल्या दोन ‘म्हणे’ना. पुढचे पाच गाळले, कारण तोवर वाचकाला कळलेलं असतं की हा मुलगा ऐकीव सांगतो आहे.

आणि मारबत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत अशा बाईच्या दोन पुतळ्यांची मिरवणूक निघते, घोषणा होतात, रोगराई आणि पीडा तिच्यासोबत जाळून टाकायची. नागपूरकराला सांगावं लागत नाही, बाकी महाराष्ट्रालाही बहुतेक सांगावं लागतं. तळटीप देऊ नका. पहिल्याच पानावर तळटीप आली की ललित वाचायला बसलेला माणूस अभ्यासाला बसतो. मी शब्द तसाच ठेवला, तिरपा केला नाही, आणि घोषणेतच अर्थ सांडू दिला: टेक अवर ट्रबल्स, टेक अवर पेन्स, टेक देम अवे, मारबत. ‘गे’ मधलं बाईपण त्या ओळीत आलं नाही. चार वाक्यांनंतर मुलगा तिच्याकडे बघतो तिथे ‘हर’ लिहिलं आणि ते भरून निघालं. माय आणि अण्णा हे शब्दही तसेच आहेत.

‘ओरडून राहिले होते’ मधलं वऱ्हाडी वळण मात्र गेलं. त्याच्या जागी इंग्लंड-अमेरिकेतली गावरान बोली आणू नका, मायच्या चुलीवर परकं गाव येऊन बसतं. मी फक्त संवादांतली वाक्यं लहान केली, जोडरूपं वापरली आणि पुस्तकी शब्द काढले. एवढंच होतं, यापेक्षा जास्त जमल्याचा दावा करू नये.

मूळ सुधारायचा मोह

तिसऱ्या पानावर वाड्याचं दीड पान वर्णन आहे आणि खरं सांगायचं तर ते रेंगाळतं. एका प्रकाशनसंस्थेकडून ते कापून पाठवा असं आलं. एका लयीची तीन वाक्यं जोडून एक करणं, हा अनुवादकाचा हक्क मी मानते. परिच्छेद उडवणं हा लेखकाचा. मी लेखकांना विचारलं, त्यांनी निम्मं कापू दिलं, आणि नमुन्यासोबतच्या टिपेत तसं लिहिलं. गुपचूप कापलं असतं आणि पुढे मराठी वाचणाऱ्या कुणी ताडून पाहिलं असतं तर सगळ्या नमुन्यावरचा विश्वास गेला असता.

दोन कान

मराठी न येणाऱ्या एकाला इंग्रजी मोठ्याने वाचायला लावा. स्वतः वाचू नका, आपल्याला मूळ लय माहीत असल्याने आपण खड्डे चुकवतो. मी शेजारच्या बंगाली बाईंना बसवलं. त्या नावावर अडखळल्या तर काही करू नका. वाक्याच्या मध्यावरून मागे गेल्या तर ते वाक्य मोडा, तिथे बहुतेक मराठीचा क्रम इंग्रजीखाली तसाच राहिलेला असतो. मग उलटी तपासणी: एकाने मूळ वाचायचं, दुसऱ्याने इंग्रजीवर बोट ठेवायचं. सासूबाईंबरोबर हे करताना झाकण काढण्याचं वाक्यच सुटल्याचं सापडलं. दुसऱ्या खर्ड्यात ते कधी गळालं ते मला कळलंही नव्हतं. आणि त्या वाक्याशिवाय माय लगेच उत्तर देते, म्हणजे तिचं टाळणंच जातं.

पाठवताना

बारा पॉइंट, दुहेरी अंतर, पानांना क्रमांक. सोबत एका पानाचा कादंबरीचा सारांश, शेवट उघड करून. संपादकाला तो हवाच असतो. अर्ध्या पानाची अनुवादकाची टीप, त्यात बोलीचं काय केलं आणि काय कापलं तेवढंच. लेखकाचे पाच ओळींत तपशील. नियम प्रत्येक प्रकाशकाचे वेगळे, ते त्याच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. पत्राच्या पहिल्या परिच्छेदात अनुवादाचा हक्क कुणाकडे आहे ते लिहा, लेखकाची परवानगी सोबत जोडा.

आणि घेतलेले निर्णय एका कागदावर उतरवून ठेवा: माय तशीच, ‘म्हणे’ दोनदाच, ती त्यांना हाक मारत नाही. होकार आला तर तो कधीकधी आठ-दहा महिन्यांनी येतो. तोवर आपण हे सगळं विसरून चौथ्या प्रकरणात तिच्या तोंडी ‘अण्णा’ घालून मोकळे होतो.