इमेज जनरेटरचं इव्हॅल्युएशन हातात आलंय? आधी स्कोअरचीच परीक्षा घ्या

इमेज मॉडेलच्या टीममध्ये नवीन माणूस आला की त्याला बरेचदा इव्हॅल्युएशनच देतात. हे दोन चेकपॉइंट, कोणता चांगला ते सांग. मग तो एफआयडी काढतो, क्लिप स्कोअर काढतो, टेबल करतो, आणि ज्याचा आकडा बरा तो चेकपॉइंट पुढे जातो. मी हे काम बरीच वर्षं करतेय आणि माझी सवय वेगळी आहे. मॉडेल मोजायला घेण्याआधी मी स्कोअरलाच त्रास देऊन बघते, म्हणजे मुद्दाम काहीतरी बिघडवायचं आणि आकडा हलतो का ते पाहायचं. ते कसं करायचं तेच इथे लिहितेय.

आधी एफआयडी. २०१७ मध्ये आला, अजूनही बहुतेक पेपरांत असतो. खऱ्या फोटोंचा एक ढीग, मॉडेलने काढलेल्या चित्रांचा दुसरा. प्रत्येक चित्र इन्सेप्शन-व्ही३ नावाच्या जुन्या क्लासिफायरमधून जातं आणि त्याचे २०४८ आकडे होतात. मग दोन्ही ढिगांची फक्त सरासरी आणि कोव्हेरियन्स घेतात आणि त्यातलं अंतर मोजतात. कमी म्हणजे चांगलं. लक्षात ठेवा, कुठल्याही एका चित्राला इथे मार्क मिळत नाहीत, ढिगाला मिळतात.

२०४८ आकड्यांचं डोक्यात बसत नसेल तर एकच आकडा आहे असं समजा. मग फॉर्म्युला एवढासाच उरतो:

```
FID = (m1 - m2)^2 + (s1 - s2)^2
```

m म्हणजे सरासरी, s म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन. आता समजा खऱ्या फोटोंचे आकडे ० भोवती छान घंटेच्या आकारात पसरलेत, सरासरी ०, डेव्हिएशन १. आणि मॉडेल फक्त दोनच प्रकारची चित्रं काढतं, अर्ध्यांचा आकडा -१ आणि अर्ध्यांचा +१. त्याचीही सरासरी ० आणि डेव्हिएशन १ च येतं. एफआयडी शून्य! मधलं सगळं गायब आहे, दोनच ठोकळे उरलेत, पण स्कोअरच्या हिशोबाने परफेक्ट. प्रत्यक्षात इतकं टोकाचं होत नाही, पण एफआयडी काय बघतो आणि काय बघतच नाही हे यातून कळतं. ट्रेनिंगचे फोटो जसेच्या तसे परत दिले तरी स्कोअर उत्तमच येईल, हेही त्यातच आलं.

आता पहिली चाचणी, जी मी कधीच सोडत नाही. खऱ्या फोटोंचेच रँडम दोन भाग करा आणि त्यांच्यातला एफआयडी काढा.

```python
from cleanfid import fid
print(fid.compute_fid("real_a", "real_b"))
```

दोन्हीकडे खरे फोटो, म्हणजे उत्तर शून्य यायला हवं ना? येत नाही. सॅम्पल जितके कमी तितका एफआयडी फुगतो, हा त्याचा मुळातला बायस आहे, नशिबाचा भाग नाही. २०४८ पेक्षा कमी चित्रं असतील तर कोव्हेरियन्स मॅट्रिक्स पूर्ण भरतच नाही. म्हणून ५०,००० चित्रांची पद्धत पडलीय आणि १०,००० च्या खाली जाऊ नका म्हणतात. तुमच्याकडे तेवढी नसतील तर निदान दोन्ही चेकपॉइंटना अगदी सारखाच काउंट द्या, आणि खरे-विरुद्ध-खरे हा आकडा त्याच काउंटवर काढून टेबलच्या पहिल्या ओळीत लिहा. शिवाय सीड बदलून परत मोजा. त्या बदलण्यानेच जेवढा फरक पडतो तेवढाच फरक दोन चेकपॉइंटमध्ये दिसत असेल तर कोण जिंकलं हा प्रश्नच निरर्थक आहे. फार कमी चित्रं असतील तर केआयडी वापरा, तोही त्याच इन्सेप्शनच्या आकड्यांवरून दोन ढिगांतलं अंतर मोजतो, पण त्यात हा बायस नाही.

दुसरी चाचणी रिसाइझची. इन्सेप्शनला २९९ बाय २९९ चं चित्र लागतं, म्हणजे सगळं आधी छोटं करावं लागतं, आणि काही लायब्ररींचं बायलिनियर रिसाइझ अँटी-एलियासिंग करत नाही. एक ढीग एका लायब्ररीने आणि दुसरा दुसऱ्या लायब्ररीने छोटा केला तर मॉडेलला हात न लावता एफआयडी बदलतो. जेपीईजी म्हणून सेव्ह केलं तरी बदलतो, डोळ्याला काहीही फरक दिसत नसताना. त्यामुळे दुसऱ्याच्या पेपरातला आकडा स्वतःच्या टेबलात आणून शेजारी ठेवू नका, ज्याच्याशी तुलना करायचीय त्याची चित्रं स्वतः त्याच पाइपलाइनमधून मोजा.

उलट बाजू जास्त वाईट आहे. थोडं ब्लर केलं की एफआयडी लगेच ओरडतो, पण काही मोजक्या हातांना सहावं बोट फुटलं तर त्याला पत्ताही नसतो. कारण सरळ आहे. इन्सेप्शन शिकलाय इमेजनेटच्या १००० क्लासवर, आणि त्यात नुसता 'माणूस' असा क्लासच नाही, नवरदेव आणि स्कूबा डायव्हर मात्र आहेत (खरंच). २०२२ च्या एका पेपरात तर जनरेट झालेल्यांतून इमेजनेटचे क्लास खऱ्या डेटासारखे जुळतील अशी चित्रं निवडली आणि एफआयडी खाली आला, क्वालिटी मात्र सुधारली नव्हती. म्हणून चेहऱ्यांच्या मॉडेलसाठी नुसत्या एफआयडीवर माझा अजिबात विश्वास नाही, तिथे डायनो-व्ही२ या लेबलांशिवाय शिकलेल्या मॉडेलच्या फीचरवर तेच अंतर मोजलेलं मला जास्त पटतं.

आता क्लिप, म्हणजे चित्र आणि मजकूर यांची जोडी जुळवायला शिकलेलं मॉडेल. इथे प्रॉम्प्ट आणि चित्र दोघांचे व्हेक्टर काढून कोसाइन घेतात, प्रत्येक जोडीचा वेगळा. नवीन लोक ०.३१ बघून घाबरतात. घाबरू नका, जुळणाऱ्या जोडीलाही साधारण ०.३ च्या आसपासच मिळतात. काही जण त्याला २.५ ने गुणतात, काही १०० ने, तर आधी ते तपासा. मग बेसलाइन काढा: सगळे प्रॉम्प्ट शफल करून चुकीच्या चित्रांना लावा आणि सरासरी घ्या. ती शून्याच्या बरीच वर येते, आणि खरी रेंज म्हणजे त्या आकड्यापासून पुढची.

मग अवघड चाचणी. 'निळ्या चेंडूवर लाल ठोकळा' असं चित्र घ्या आणि एकदा बरोबर प्रॉम्प्ट, एकदा 'लाल चेंडूवर निळा ठोकळा' असा उलटा प्रॉम्प्ट देऊन स्कोअर काढा (प्रॉम्प्ट इंग्रजीत द्या, क्लिप प्रामुख्याने त्यावरच शिकलाय). बरेचदा दोन्ही जवळजवळ सारखे येतात, कधी उलटाच जिंकतो. निळं आहे, लाल आहे, ठोकळा आहे, चेंडू आहे, क्लिपचं तेवढ्यावर समाधान होतं, कोणाचा रंग कुठला आणि वर कोण हे त्याला नीट धरता येत नाही. मोजण्याचंही तसंच, तीन मांजरं की चार यात गडबड. आणि चित्रात शब्द लिहिलेला असला तर तो वाचून फसतो, सफरचंदावर 'आयपॉड' लिहिलेली चिठ्ठी लावली तर त्याला ते आयपॉड वाटलं होतं. लांब प्रॉम्प्टचं तर ७७ टोकननंतरचं काही त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

दोन्ही स्कोअर एकत्र बघायचे तर गायडन्स स्केल, म्हणजे मॉडेलने प्रॉम्प्टला किती घट्ट धरायचं तो आकडा, बदलत न्या, १.५, ३, ५, ७.५ असं, आणि एका अक्षावर क्लिप, दुसऱ्यावर एफआयडी घेऊन रेषा काढा. स्केल वाढवला की क्लिप वाढतो, एफआयडी मात्र आधी सुधारतो आणि मग बिघडतो, कारण चित्रं एकसारखी आणि भडक व्हायला लागतात. एफआयडी बहुधा कमी स्केललाच सगळ्यात चांगला असतो, लोकांना मात्र ७ च्या आसपासची चित्रं आवडतात. म्हणून एकाच स्केलवर दोन चेकपॉइंटची तुलना केलेली असेल तर मी ती परत पाठवते, पूर्ण रेषा शेजारी ठेवून आणायला सांगते. एसडीएक्सएलच्या वेळी तर उघडच झालं, कोको डेटासेटवर त्याचा एफआयडी जुन्या स्टेबल डिफ्यूजनपेक्षा वाईट होता आणि माणसांनी मात्र एसडीएक्सएललाच पसंत केलं.

त्यामुळे माझ्या टेबलात शेवटचा कॉलम माणसांचाच असतो. तेच प्रॉम्प्ट, दोन्ही चेकपॉइंटची चित्रं शेजारी-शेजारी, डावं-उजवं रँडम, कोणतं कोणाचं हे बघणाऱ्याला माहीत नाही. आणि दोन प्रश्न वेगळे विचारायचे, कोणतं दिसायला चांगलं आणि कोणतं प्रॉम्प्टप्रमाणे. एकच प्रश्न विचारला तर लोक सुंदर चित्राला मत देतात आणि ठोकळा लाल आहे की निळा हे बघतच नाहीत.